नॅपसॅक पंपाने फवारणी : एकरी पाणी, पंपांची संख्या आणि औषधाची मात्रा

हरभऱ्यावरील घाटेअळीच्या बंदोबस्ताकरिता "इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के विद्राव्य दाणेदार औषध ४.४ ग्रॅम, १० लिटर पाण्यात मिसळून फवारावे" अशा स्वरूपाची शिफारस शेतकऱ्यांच्या हाती पडणाऱ्या पत्रकांतून नेहमी वाचावयास मिळते. शेतकरी हा आकडा आपल्या पंपाच्या मापात बसवितो. पंप सोळा लिटरचा असेल, तर दर पंपास सात ग्रॅम असा हिशेब होतो आणि तो गणिताच्या दृष्टीने बरोबरही असतो. तथापि या हिशेबात एक प्रश्न अनुत्तरित राहतो : असे किती पंप त्या शेतात रिकामे व्हावयास हवेत? ज्या शेतात पंधरा पंप पडावयास हवेत तेथे सात पडले, तर द्रावण बिनचूक तयार करूनही पिकास निम्म्याहून कमी औषध मिळते. पुढे अळी मेली नाही म्हणजे दोष औषधास किंवा दुकानदारास दिला जातो. प्रस्तुत लेखात पंपांची संख्या काढण्याची रीत, ती प्रत्यक्षात का चुकते आणि चुकत असल्याचे शेतात उभे राहून कसे ओळखावे, याचा विचार एका उदाहरणाच्या आधारे केला आहे.

शिफारशीतील गृहीत

प्रथम ४.४ ग्रॅम हा आकडा कोठून आला ते पाहणे इष्ट होईल. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी या औषधाची मात्रा हेक्टरी २२० ग्रॅम असून ती ५०० लिटर पाण्यातून द्यावयाची असते. २२० ग्रॅमला ५०० लिटरने भागले असता लिटरमागे ०.४४ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरमागे ४.४ ग्रॅम होतात. याचा अर्थ मूळ मात्रा क्षेत्रावर ठरलेली आहे, पाण्यावर नव्हे. दहा लिटरचा आकडा ही त्या मात्रेची केवळ सोयीसाठी केलेली मांडणी होय, आणि हेक्टरी ५०० लिटर पाणी खरोखर पडेल या अटीवरच ती खरी ठरते. पत्रकात दहा लिटरचा आकडा छापला जातो, पण ही अट पुष्कळदा छापली जात नाही.

हेक्टरी ५०० लिटर म्हणजे एकरी सुमारे २०२ लिटर. व्यवहारात एकरी २०० लिटर धरल्यास फरक केवळ एक टक्क्याचा पडतो. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्याने हेच परिमाण गुंठ्यामागे पाच लिटर असे लक्षात ठेवता येते. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, सुमारे १०१ चौरस मीटर. तेवढ्या जागेत पाच लिटर द्रावण पडले, तर शिफारशीतील गृहीत पाळले गेले असे समजावे. या हिशेबाने एकरास सोळा लिटरचे साडेबारा, पंधरा लिटरचे तेरा व एक तृतीयांश, तर दहा लिटरचे वीस पंप लागतात.

हीच गोष्ट दुसऱ्या एका सूचनेतही दडलेली आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या पॉवर पंपाकरिता औषधाची मात्रा तिप्पट करावी, असे पत्रकांच्या तळाशी अनेकदा लिहिलेले असते. तिप्पट करावयाची ती पंपातील मात्रा, एकरावरील नव्हे. पॉवर पंपाने एकरास एक तृतीयांश पाणी लागते असे तेथे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ते निम्मे लागले, तर तिपटीच्या नियमाने दीडपट औषध पडेल. म्हणजे हा नियमही पाणी मोजल्यावाचून लागू करता येत नाही.

उदाहरणाचे शेत

एक शेत घेऊ. सातबाऱ्यावर त्याचे क्षेत्र ०.६० हेक्टर आहे, म्हणजे दीड एकराच्या किंचित आत. परंतु त्यात पोटखराबा आहे, विहिरीभोवतालची जागा आहे आणि बांधालगतचा न पेरलेला पट्टाही आहे. फवारणी सातबाऱ्यावर होत नसून पिकावर होते. म्हणून पेरलेली जागाच फितीने मोजली पाहिजे. ती ८० मीटर लांब आणि ६३ मीटर रुंद भरली, असे धरू. क्षेत्र ५,०४० चौरस मीटर, म्हणजे ०.५०४ हेक्टर किंवा जवळजवळ सव्वा एकर झाले. हरभऱ्याच्या ओळी ८० मीटर लांबीच्या असून दोन ओळींत ३० सेंटिमीटर अंतर आहे. त्यामुळे ओळींची संख्या २१० येते. हा आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

हेक्टरी ५०० लिटरप्रमाणे या शेतास २५२ लिटर द्रावण हवे. सोळा लिटरच्या पंपाने भागले असता १५.७५ येतात, म्हणजे पंधरा पूर्ण पंप आणि सोळावा बारा लिटरचा. औषध हेक्टरी २२० ग्रॅमप्रमाणे १११ ग्रॅम लागेल. ते पूर्ण पंपास सात ग्रॅमहून अगदी थोडे अधिक आणि शेवटच्या बारा लिटरच्या पंपास ५.३ ग्रॅम असे वाटले जाते. सातबाऱ्यावरील ०.६० हेक्टर धरून हिशेब केला असता, तर ३०० लिटर द्रावण व १३२ ग्रॅम औषध लागले असते. मग शेवटचे ४८ लिटर, म्हणजे तीन पूर्ण पंप, शिल्लक राहिले असते किंवा पिकावर दुबार ओतले गेले असते.

येथपर्यंतचे गणित प्राथमिक शाळेतील मुलासही करता येईल. अडचण पुढेच आहे. १५.७५ ही संख्या कागदावरील आहे. शेतात किती पंप पडतील, ते कागद ठरवीत नाही. ते फवारणी करणाऱ्याची चाल, नोझलमधून मिनिटास बाहेर पडणारे द्रावण आणि एका खेपेत भिजणाऱ्या पट्ट्याची रुंदी या तीन गोष्टींवर ठरते.

तीन गोष्टी आणि त्यांचा संबंध

या तिन्हींचा परस्परसंबंध असा आहे. हेक्टरी पडणारे लिटर काढावयाचे असल्यास मिनिटास बाहेर पडणारे लिटर ६०० ने गुणावे. आलेल्या आकड्यास, पट्ट्याची रुंदी मीटरमध्ये व चाल ताशी किलोमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराने भागावे. नोझलचा प्रवाह वाढला की हेक्टरी पाणी त्याच प्रमाणात वाढते. चाल किंवा पट्टा वाढला की ते त्याच प्रमाणात कमी होते. तिन्ही गोष्टी सहज मोजता येतात. प्रवाहासाठी नोझलखाली मापाचे भांडे धरून, नेहमीच्या दाबाने पंप चालवून एक मिनिट द्रव गोळा करावा. चालीसाठी पाठीवर भरलेला पंप घेऊन पिकातून वीस मीटर अंतर चालावे व सेकंद मोजावेत. वीस मीटरला ३६ सेकंद लागले, तर चाल ताशी दोन किलोमीटर होते.

"पिकातून" हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. बांधावरून किंवा रस्त्यावरून चालून घेतलेली मोजणी उपयोगाची नसते. घाटे भरण्याच्या सुमारास हरभऱ्याच्या ओळी एकमेकींस भिडलेल्या असतात. भेगाळलेल्या काळ्या जमिनीत, रोपे न तुडविता, सोळा किलो ओझे घेऊन टाकलेले पाऊल मोकळ्या वाटेवरील पावलापेक्षा मंद असते. त्याचप्रमाणे मोजणी ज्याने प्रत्यक्ष फवारणी करावयाची आहे त्याच्याच चालीने झाली पाहिजे. शेतात दोन पंप चालणार असतील, तर दोघांची मोजणी स्वतंत्र घ्यावी.

तिन्ही मापे निरनिराळी घेण्याऐवजी एकत्रित मोजणीही करता येते आणि तीच अधिक विश्वसनीय ठरते. शेतातच १० मीटर लांब व ९ मीटर रुंद, म्हणजे ३० ओळींचा तुकडा खुंट्या रोवून आखावा. पंपात मोजून दहा लिटर साधे पाणी घ्यावे. नेहमीच्या पद्धतीने तो तुकडा फवारावा आणि वळताना नोझलचा खटका बंद ठेवावा. नंतर पंपातील उरलेले पाणी मापाने मोजावे. दहा लिटरमधून ते वजा केले की ९० चौरस मीटरला लागलेले पाणी मिळते.

आपल्या उदाहरणातील माणूस एका खेपेत तीन ओळी, म्हणजे ९० सेंटिमीटरचा पट्टा घेतो, ताशी दोन किलोमीटर चालतो आणि त्याच्या नोझलचा प्रवाह मिनिटास ०.७२ लिटर आहे, असे समजू. ९ मीटर रुंदीच्या तुकड्यात त्याच्या दहा खेपा होतील. एकूण शंभर मीटर चालण्यास तीन मिनिटे लागतील आणि त्या अवधीत २.१६ लिटर पाणी पडेल. म्हणजे चौरस मीटरला २४ मिलिलिटर, हेक्टरी २४० लिटर, एकरी केवळ ९७ लिटर. अपेक्षा २०२ लिटरची होती.

या माणसाची सव्वा एकराची फवारणी १२१ लिटरांत आटोपेल. त्याचे सोळा लिटरचे साडेसात पंप पडतील. दर पंपात त्याने पत्रकाप्रमाणे सात ग्रॅम औषध घातले, तर शेतात ५३ ग्रॅम पडेल; हवे होते १११ ग्रॅम. मात्रा निम्म्याहूनही खाली गेली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या माणसाने एकही गोष्ट वरवर पाहता चुकीची केलेली नाही. औषध योग्य, प्रमाण योग्य, पीक सगळे ओले झाल्यासारखे दिसते आणि शेतही पूर्ण झाले आहे.

हे घडण्यास मानवी कारणही आहे. तीन ओळींचा पट्टा घेतल्यास त्यास एकूण ५.६ किलोमीटर चालावे लागते. दोन ओळींचा घेतल्यास तेच अंतर ८.४ किलोमीटर होते, आणि तेही पाठीवर ओझे घेऊन. सोळा पंपांचे पाणी विहिरीवरून किंवा टाकीवरून आणावे लागते. साडेसात पंपांचे त्याच्या निम्म्याने. मजुरी उक्ती ठरलेली असली, तर मजुराचा कल पंप कमी करण्याकडे असतो. ती पंपामागे ठरलेली असली, तर तसाच कल शेतमालकाचा असतो. दोन्ही परिस्थितींत शिफारशीतील पाणी कमी होण्याकडेच ओढ राहते. केवळ "भरपूर पाणी वापरावे" असा उपदेश केल्याने ही ओढ नाहीशी होत नाही.

दुरुस्तीचे दोन मार्ग

मोजणीअंती हेक्टरी २४० लिटर आले, तर पुढे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग पाणी तेच ठेवून पंपातील औषध वाढविण्याचा. १११ ग्रॅम औषध १२१ लिटरांत वाटले, तर दर पंपास १४.७ ग्रॅम येतात आणि एकरावरील मात्रा पूर्ण होते. गणितात हा मार्ग निर्दोष आहे. पीक लहान असताना, जेथे भिजविण्याजोगा पर्णसंभारच थोडा असतो, तेथे कमी पाण्यानेही पाने नीट भिजू शकतात. परंतु प्रस्तुत उदाहरणात तो पत्करण्यास दोन अडचणी आहेत. इमामेक्टिन मुख्यत्वे अळीच्या खाण्यातून तिच्या शरीरात जाते. म्हणून ते घाट्यांवर व आतील पानांवर पोहोचले पाहिजे. दाट वाढलेल्या हरभऱ्यात इतक्या थोड्या पाण्याने वरचा थरच भिजतो आणि खालच्या फांद्यांवरील घाटे कोरडे राहतात. मात्रा कागदावर पूर्ण होते, पण ती पिकाच्या शेंड्यावरच साठते.

दुसरी अडचण फवारणाऱ्या माणसाची आहे. द्रावण दुप्पट तीव्र झाले की अंगावर उडणारा प्रत्येक थेंब, गळक्या झाकणातून पाठीवर उतरणारा प्रत्येक ओघळ दुप्पट औषध घेऊन येतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या काळात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनेची कारणे अनेक होती आणि ती सर्व येथे तपासण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यानंतर द्रावणाची तीव्रता वाढविण्याचा सल्ला कोणत्याही विभागाने सहजपणे देऊ नये, एवढे निश्चित. औषधाच्या वेष्टनावर पाण्याचे जे परिमाण दिलेले असते तेही मान्य वापराचाच भाग होय.

म्हणून दुसरा मार्ग, म्हणजे पाणीच अपेक्षित परिमाणापर्यंत नेणे, अधिक श्रेयस्कर ठरतो. त्यासाठी वरील तीन गोष्टींपैकी कोणती बदलावी, हे पाहू. चाल बदलणे सर्वांत अवघड. हेक्टरी २४० चे ५०० लिटर करावयास चाल ताशी एक किलोमीटरच्याही खाली आणावी लागेल. माणूस पहिल्या दोन ओळी तशा चालेल आणि तिसऱ्या ओळीपासून आपल्या मूळ चालीवर येईल. पट्टा आणि नोझल मात्र बदलता येतात आणि बदलल्यावर ते दिवसभर तसेच राहतात. मिनिटास एक लिटर प्रवाह देणारे पोकळ शंकूच्या फवाऱ्याचे नोझल बसविले आणि खेपेस तीनऐवजी दोन ओळींचा, ६० सेंटिमीटरचा पट्टा घेतला, तर त्याच चालीने हेक्टरी नेमके ५०० लिटर पडतात. पुन्हा त्याच तुकड्यावर मोजणी केल्यास पंधरा खेपा, साडेचार मिनिटे आणि साडेचार लिटर पाणी असा ताळा मिळावा.

चालण्याचे अंतर वाढू नये अशी इच्छा असल्यास दांडीवर दोन नोझल बसविणे हा पर्याय आहे. ०.७२ लिटरची दोन नोझल मिळून १.४४ लिटर प्रवाह देऊ लागली, तर तीन ओळींच्या पट्ट्यात हेक्टरी ४८० लिटर पडतील, म्हणजे अपेक्षेच्या चार टक्क्यांच्या आत. परंतु दुसरे नोझल जोडल्यावर पंपाचा दाब उतरू शकतो. त्यामुळे एका नोझलच्या प्रवाहाची दुप्पट करून चालणार नाही. दोन्ही नोझल एकाच वेळी चालवून, दोन भांड्यांत पाणी धरून मोजले पाहिजे.

ओळी मोजण्याची कसोटी

सकाळी केलेली मोजणी दुपारपर्यंत टिकेलच असे नाही. हातदांड्याच्या पंपात माणूस थकला की दाब उतरतो. बॅटरीच्या पंपात बॅटरी उतरली की प्रवाह कमी होतो. नोझलमध्ये कचरा अडकतो. उलटपक्षी जुने नोझल झिजून त्याचे छिद्र मोठे होते आणि प्रवाह वाढतो. या सर्वांवर एकच साधी कसोटी लागू पडते : एक पंप किती ओळींत संपावयास हवा ते आधी काढून ठेवणे.

हेक्टरी ५०० लिटरप्रमाणे सोळा लिटर द्रावण ३२० चौरस मीटरला पुरते. उदाहरणातील शेतात एक ओळ ८० मीटर लांब असून तिच्या वाट्यास ३० सेंटिमीटर रुंदी येते; म्हणजे ओळीचे क्षेत्र २४ चौरस मीटर. तेव्हा एक पंप १३ ओळी संपवून चौदाव्या ओळीचा सुमारे तिसरा हिस्सा होईपर्यंत चालला पाहिजे. २१० ओळींना १३.३ ने भागले असता पुन्हा पावणेसोळा पंप येतात, हा ताळाही जमतो. खेपेस दोन ओळी घेतल्या जात असल्याने प्रत्यक्षात हे गणित असे दिसते : सहा खेपांत बारा ओळी होतात आणि सातव्या खेपेत शेताच्या दोन तृतीयांश लांबीपर्यंत गेल्यावर पंप रिकामा होतो. शेताच्या कडेला दर चाळीस ओळींवर एक काठी रोवावी. तीन पंप संपताना माणूस काठीपाशी असला पाहिजे. याकरिता वहीची गरज नाही की घड्याळाची.

आता चुका कशा दिसतात ते पाहू. पंप अठ्ठाविसाव्या ओळीपर्यंत चालला, तर तो हेक्टरी २४० लिटरचा जुना प्रकार होय. माणूस परत तीन ओळींचा पट्टा घेऊ लागला आहे आणि बहुधा नोझलही बदललेले नाही. पंप सतराव्या ओळीच्या सुमारास संपला, तर पाणी हेक्टरी ४०० लिटरपर्यंत उतरले आहे. अशा वेळी बॅटरी, दाब किंवा नोझलमधील कचरा तपासावा. पंप अकराव्या ओळीतच संपला, तर प्रवाह वाढला असण्याचा संभव आहे. मिनिटास एक लिटरचे नोझल झिजून १.२ लिटर देऊ लागले, तर हेक्टरी ६०० लिटर पडतात आणि पंधरा-सोळा पंपांऐवजी एकोणीस लागतात. दर पंपास सात ग्रॅमचा क्रम तसाच चालू ठेवला, तर शेतात १३३ ग्रॅम औषध जाते, मात्रेपेक्षा वीस टक्के अधिक. नव्या नोझलच्या प्रवाहापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक प्रवाह भरू लागला की नोझल बदलावे, हा नियम यासाठीच आहे.

कारण प्रवाहात आहे की चालीत, हे ओळखण्यास वेळेची मदत होते. मिनिटास एक लिटर प्रवाह असेल, तर खटका उघडा असलेल्या सोळा मिनिटांत पंप रिकामा व्हावा. पंप सोळा मिनिटांतच संपला पण ओळी जास्त झाल्या, तर दोष चालीत किंवा पट्ट्यात आहे. ओळी कमी-अधिक होण्याबरोबर मिनिटेही तशीच कमी-अधिक झाली, तर दोष नोझल किंवा दाब यांत आहे. हे दोन प्रश्न वेगळे न करता नोझल बदलीत राहिल्यास चूक सापडत नाही.

भरण्यातील बारकावे

दोन लहान गोष्टी राहिल्या. पहिली पंपाच्या मापाची. टाकीवर उमटविलेली सोळा लिटरची खूण प्रमाण मानू नये. मापाच्या बादलीने एकदा पाणी घालून पाहावे आणि आपली खूण रंगाने करावी. पंप सपाट जागी ठेवूनच भरावा. कलत्या जागेवर किंवा माणसाच्या पाठीवर असताना भरल्यास खुणेत दरवेळी फरक पडतो आणि सोळा पंपांत तो साचत जातो.

दुसरी गोष्ट शेवटच्या अपुऱ्या पंपाची. पंधरा पंप झाल्यावर सोळावाही सवयीने पूर्ण भरला जातो आणि उरलेले चार लिटर द्रावण पुन्हा पिकावर किंवा विहिरीच्या काठाशी ओतले जाते. विहिरीच्या काठाशी ते कधीच ओतू नये. हा घोळ टाळण्याचा उपाय असा की, २५२ लिटरचे सोळा समान भाग करावेत आणि प्रत्येक पंप पावणेसोळा लिटरचा भरावा. मग औषधाचेही सोळा समान भाग होतात. सात ग्रॅमएवढे लहान वजन शेतात बांधावर बसून सोळा वेळा करणे कठीण असते आणि टोपणाने मोजलेले दाणेदार औषध दरवेळी सारखे भरत नाही. त्याऐवजी १११ ग्रॅम औषध एकदाच वजन करून घ्यावे, पाण्यात विरघळवून एकंदर आठ लिटर द्रावण करावे आणि त्यातील अर्धा लिटर प्रत्येक पंपात, आधी अर्धी टाकी पाण्याने भरल्यावर, मिसळावे. हे तीव्र द्रावण असल्याने हातमोजे व डोळ्यांस चष्मा यांवाचून त्यास हात लावू नये, ते झाकणाच्या भांड्यातच ठेवावे आणि त्याच दिवशी संपवावे. शेवटच्या पंपाबरोबर भांडे रिकामे झाले, तर दिवसाचा हिशेब जुळला असे समजावे.

हिशेब जुळला नाही, तरी ती माहिती फुकट जात नाही. २१० ओळी संपल्या आणि भांड्यात दोन लिटर उरले, तर चार पंपांचे औषध शेतात पडलेच नाही. सोळाऐवजी बाराच पंप पडले. अळीचा बंदोबस्त अपुरा राहिला, तर त्याचे कारण शोधण्यास सुरुवात येथून करावी. कमी मात्रेत वाचलेल्या अळ्या बहुधा मोठ्या व अधिक सोशिक असतात, आणि पुढील पिढी त्यांच्यापासूनच निपजते. अशा शेतातून "औषधास अळी दाद देत नाही" अशी तक्रार आली असता, प्रतिकारक्षमतेच्या चाचणीसाठी अळ्या गोळा करण्यापूर्वी त्या शेतकऱ्यास एवढेच विचारावे की, तुमचे किती पंप पडले, आणि एक पंप कितव्या ओळीत संपला.

क्षेत्र-प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांसही हे लागू आहे. प्रयोगाच्या नोंदीत औषधाची तीव्रता लिहिली जाते, मात्रा लिहिली जाते, पण वाफ्यावर प्रत्यक्ष पडलेले पाणी पुष्कळदा लिहिले जात नाही. नव्वद चौरस मीटरच्या वाफ्यावर साडेचार लिटर द्रावण पडले की दोन लिटर, हे नोंदविलेले नसेल, तर दोन वाफ्यांतील फरक औषधाचा की फवारणाऱ्याच्या पावलांचा, हे नंतर कोणासही सांगता येणार नाही.